भार जाहीर करून भार पडत नाही

सत्रान्त परीक्षा ६० गुणांची, अंतर्गत मूल्यमापन ४० गुणांचे, एकूण १००. परिपत्रकात हे आकडे छापले, की निकालावर अंतर्गत मूल्यमापनाचा ४० टक्के प्रभाव पडणारच, असे आपल्याकडे सर्रास गृहीत धरले जाते. विद्यार्थी आणि पालक तसे मानतात. ज्यांनी ही वाटणी ठरवली, ती अभ्यास मंडळेही तसेच मानतात. मग पुढचे वाद या गृहीतावरच चालतात. ४० जास्त झाले, ३० करा. मुलाखतीला १३ टक्केच आहेत, तेवढ्याने काय बिघडते? बोर्डाला निम्मे वजन द्या, म्हणजे मुले पुन्हा वर्गात बसतील.

वाद मनापासून घातले जातात, पण त्यांचा पाया कच्चा आहे. जाहीर केलेला भार आणि निकालावर प्रत्यक्ष पडणारा भार या दोन वेगळ्या राशी आहेत. कधी त्या जवळपास सारख्या निघतात, कधी त्यांच्यात दुपटी-तिपटीचा फरक पडतो. हे दाखवून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. साधी भारित बेरीज मानणाऱ्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांत येते. पहिला मुद्दा असा, की गुण म्हणजे गुण. अंतर्गत मूल्यमापनात मिळालेला एक गुण आणि लेखी परीक्षेत मिळालेला एक गुण बेरजेत सारखाच मोजला जातो. मग ज्या भागाला १०० पैकी ४० गुण आहेत, त्याचा भार ४० टक्के नाही तर किती? दुसरा मुद्दा : पेपरांचे कमाल गुण वेगवेगळे असल्याची अडचण वाटत असेल, तर प्रत्येकाची टक्केवारी काढा, तिला ठरलेल्या भाराने गुणा आणि बेरीज करा, म्हणजे सगळे एका मापात येते. तिसरा मुद्दा न्यायाचा आहे. नियम परीक्षेआधी जाहीर झालेला असतो, तो सर्वांना सारखा लागू असतो आणि विद्यार्थ्याला आपली बेरीज स्वतः पडताळता येते. त्यात संख्याशास्त्र घुसवले, की एका मुलाचे गुण इतरांच्या कामगिरीवर अवलंबून राहतात आणि पारदर्शकता संपते.

यातला कोणताही मुद्दा पोकळ नाही. तिसरा तर चांगलाच वजनदार आहे. म्हणून एकेक घेऊ.

गुण म्हणजे गुण हे एका विद्यार्थ्यापुरते खरे आहे. माझा एक गुण वाढला, मग तो कुठेही वाढो, माझी बेरीज एकानेच वाढते. पण निकालाची यादी एका विद्यार्थ्याची नसते. यादीत कोण वर आणि कोण खाली, हे विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांमधल्या फरकाने ठरते. म्हणून खरा प्रश्न वेगळा आहे : एकूण बेरजेत जो फरक दिसतो, तो कोणत्या पेपरातून आला? ज्या पेपरात सर्वांना जवळपास सारखेच गुण पडले, तो पेपर कितीही गुणांचा असला तरी फरक घडवू शकत नाही. टोकाचे उदाहरण घ्या. अंतर्गत मूल्यमापनात वर्गातल्या प्रत्येकाला ४० पैकी ३८ दिले. आता या ४० गुणांचा क्रमवारीवर प्रभाव किती? शून्य. परिपत्रकात आकडा मात्र ४० टक्केच राहील.

टोक सोडून जरा जवळचे उदाहरण घेऊ. पाच विद्यार्थी धरा. हिशेब तोंडी करता यावा म्हणून आकडे मुद्दाम सोपे आणि मुद्दा उघड दिसेल असे घेतले आहेत. पहिला आकडा अंतर्गत गुणांचा, ४० पैकी. दुसरा लेखी गुणांचा, ६० पैकी.

अ : ३८ + ३६ = ७४
ब : ३७ + २४ = ६१
क : ३६ + ३० = ६६
ड : ३५ + ४८ = ८३
इ : ३४ + ४२ = ७६

दोन्ही भागांची सरासरी ३६ आहे. अंतर्गत गुण ३४ ते ३८ या चार गुणांच्या पट्ट्यात आहेत. कोणत्याही कॉलेजात अंतर्गत गुणांची यादी पाहा, गुण असेच वरच्या टोकाला दाटलेले आढळण्याची शक्यता मोठी. लेखी गुण २४ पासून ४८ पर्यंत पसरले आहेत. आता बेरजेचा क्रम लावा : ड, इ, अ, क, ब. मग अंतर्गत गुण झाकून फक्त लेखीचा क्रम लावा : ड, इ, अ, क, ब. अक्षरही हलले नाही. अंतर्गत मूल्यमापनात शेवटचा असलेला ‘इ’ तिथे पहिल्या असलेल्या ‘अ’च्या पुढे गेला. सत्रभर प्रकल्प, सादरीकरण आणि चाचण्यांतून जे ४० गुण उभे राहिले, त्यांनी एकाही विद्यार्थ्याची जागा बदलली नाही. याला ४० टक्के भार म्हणायचे का?

हे मोजताही येते. गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत, हे सांगणाऱ्या मापाला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात. प्रत्येक गुणाचे सरासरीपासूनचे अंतर घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, वर्गांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. इथे अंतर्गत गुणांचे प्रमाण विचलन १.४१ येते आणि लेखीचे ८.४९. म्हणजे लेखीचा पसारा बरोबर सहापट आहे. बेरजेतला एखाद्या पेपरचा जोर मुख्यतः त्याच्या पसाऱ्यावर ठरतो. त्या हिशेबाने परिपत्रकातले ४० : ६० हे प्रमाण प्रत्यक्षात १ : ६ झाले, म्हणजे सुमारे १४ : ८६. दोन पेपरांतले गुण एकमेकांबरोबर कितपत वर-खाली होतात, यानेही थोडा फरक पडतो. बहुतेक वर्गांत लेखीत हुशार असलेला विद्यार्थी अंतर्गत मूल्यमापनातही बरा असतो, त्यामुळे दोन्हींमध्ये असा उघड विरोध क्वचित दिसतो. पण विरोध आला, की जिंकतो तो मोठ्या पसाऱ्याचा पेपर. कमाल गुणांचा आकडा तिथे कामी येत नाही.

इथेच एका लोकप्रिय समजुतीचाही निकाल लागतो. ‘स्कोअरिंग’ विषय निकालावर राज्य करतात, असे म्हटले जाते. ज्या विषयाची सरासरी जास्त, त्याचा प्रभाव जास्त, अशी ही कल्पना. ती बरोबर आहे का? एखाद्या पेपरात सर्वांना पाच-पाच गुण वाढवून द्या. सरासरी पाचाने वर जाईल, क्रमवारी जशीच्या तशी राहील. सर्वांनी दिलेल्या पेपरात सरासरीला क्रमवारीवर कसलीही सत्ता नाही. सरासरी बोलू लागते ती विषय निवडायचा असतो तेव्हा. एकाने संस्कृत घेतले, दुसऱ्याने दुसरा विषय घेतला आणि दोघांचे गुण एकाच बेरजेत आले, की सरासरीतला फरक सरळ बेरजेत उतरतो. तो प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तरही वेगळे आहे. दोन्ही प्रश्न एकत्र कालवले, की ‘स्कोअरिंग’ची तक्रार चुकीच्या पेपरावर केली जाते.

आता दुसरा मुद्दा, टक्केवारीचा. टक्केवारी काढली की सगळे एका मापात येते, असा दावा आहे. ‘अ’चेच गुण तपासू. ४० पैकी ३८ म्हणजे ९५ टक्के; ६० पैकी ३६ म्हणजे ६० टक्के. ९५ ला ०.४ ने गुणले तर ३८. ६० ला ०.६ ने गुणले तर ३६. बेरीज ७४. आपण निघालो तिथेच परत आलो. टक्केवारी काढताना ४० ने भागले आणि भार लावताना त्याच प्रमाणात गुणले. टक्केवारीने कमाल गुण सारखे होतात, गुणांचा पसारा सारखा होत नाही. अंतर्गत गुण टक्केवारीतही ८५ ते ९५ या चिंचोळ्या पट्ट्यातच राहतात, लेखी गुण ४० ते ८० पर्यंत ऐसपैस पसरलेले राहतात. रोग पसाऱ्यात आहे आणि औषध कमाल गुणांना दिले जाते. गुण कसा येणार?

ही अडचण केवळ पुस्तकी आहे, असे कुणाला वाटत असेल तर देशातल्या दोन मोठ्या परीक्षांची साक्ष काढतो.

पहिली साक्ष जेईई मेनची. २०१३ ते २०१६ या वर्षांत एनआयटीसारख्या संस्थांच्या प्रवेशासाठी जेईई मेनला ६० टक्के आणि बारावीच्या बोर्डाला ४० टक्के भार होता. बोर्डाची टक्केवारी घेऊन ०.४ ने गुणली आणि बेरीज केली, असे तिथे झाले नाही. आधी विद्यार्थ्याचा त्याच्या बोर्डातला पर्सेंटाइल काढला जाई. त्याच पर्सेंटाइलला जेईई मेनमध्ये देशभरात किती गुण पडतात, ते पाहिले जाई. तेच त्या बोर्डाच्या मुलांपुरतेही पाहिले जाई. या दोन्हींची सरासरी म्हणजे त्याचे बोर्डाचे सुधारित गुण, आणि ०.४ चा भार लागे तो या गुणांना. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? वेगवेगळ्या बोर्डांचे गुण तुलनेला येत नाहीत, हे एक कारण. त्याबरोबर दुसरे कामही आपोआप झाले. बोर्डाचे गुण जेईईच्याच मापात आणि जवळपास तिच्याच पसाऱ्यात येऊन बसले. त्यामुळे ६० : ४० हे शब्द खरे होण्याच्या जवळ गेले. ही पद्धत २०१७ पासून बंद झाली आणि तिच्यावर आक्षेपही कमी नव्हते. पण कच्चे गुण नुसते भाराने गुणून भागत नाही, हे तिच्या कर्त्यांनी जाणले होते, एवढे तिच्यावरून निर्विवाद दिसते.

दुसरी साक्ष केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची. इथे प्रकार उलटा आहे. गुणवत्तेसाठी मोजल्या जाणाऱ्या सात लेखी पेपरांचे प्रत्येकी २५० प्रमाणे १७५० गुण, मुलाखतीचे २७५, एकूण २०२५. मुलाखतीचा जाहीर भार १३.६ टक्के. राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीतही १७५० आणि २७५ हीच वाटणी आहे, म्हणून मराठी उमेदवारांना हा हिशेब दुहेरी लागू पडतो. ‘मुलाखत जेमतेम तेरा टक्के, खरी लढाई लेखीची’, हे वाक्य अभ्यासिकांमध्ये रोज ऐकू येते.

२०२३ च्या परीक्षेचे आकडे पाहू. खुल्या गटात मुलाखतीला बोलावले जाण्यासाठी लेखीत ७४१ गुणांची रेषा होती आणि अंतिम निवडीची रेषा ९५३ वर थांबली. देशात पहिल्या आलेल्या उमेदवाराला लेखीत ८९९ आणि मुलाखतीत २०० गुण होते. लेखीची रेषा आणि पहिल्या क्रमांकाचे लेखी गुण यांत अंतर १५८ गुणांचे, म्हणजे १७५० च्या जेमतेम ९ टक्के. असे का होते? कारण लेखीने आपले चाळणीचे काम आधीच केलेले असते. रेषेखालचे हजारो उमेदवार गळाले, की उरलेल्यांचे लेखी गुण एका अरुंद पट्ट्यात कोंडले जातात. मुलाखतीच्या गुणांना अशी चाळणी लागलेली नसते.

त्याच वर्षीच्या रेषेवर दोन उमेदवार उभे करा. लेखीत ८०० गुण असलेल्याला निवडीसाठी मुलाखतीत १५३ लागतात. लेखीत ७४१ असलेल्याला २१२ लागतात. फरक ५९ गुणांचा. लेखीत हे ५९ गुण सात पेपरांत मिळून, दर पेपरात साडेआठच्या आसपास जादा मिळवून, महिनोन् महिन्यांच्या सरावाने जोडावे लागतात. मुलाखतीत तेवढाच फरक एका बैठकीत पडू शकतो. म्हणजे निवडीच्या रेषेजवळ मुलाखतीचा खरा भार १३.६ टक्क्यांपेक्षा बराच जास्त आहे. तो जास्त असावा की नसावा, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि जास्त असावा असे म्हणणाऱ्यांकडेही सबळ कारणे असू शकतात. माझे म्हणणे एवढेच : तो १३.६ आहे असे म्हणू नये.

एकीकडे ४० चे १४ झाले, दुसरीकडे १३ फुगले. नियम मात्र दोन्हीकडे एकच.

मग उपाय काय? उपाय जुना आणि साधा आहे. प्रत्येक पेपरात विद्यार्थ्याच्या गुणांतून सरासरी वजा करायची, उरलेल्याला त्या पेपरच्या प्रमाण विचलनाने भागायचे आणि मग ठरलेल्या भाराने गुणायचे. आकडे ऋण दिसू नयेत म्हणून भार लावण्याआधी दहाने गुणून त्यात पन्नास मिळवले तरी चालते. आपल्या पाच जणांवर हे करून पाहा. ‘अ’ ५५.७ वर येतो, ‘ड’ही ५५.७ वर येतो आणि ‘इ’ ४८.६ वर उतरतो. अंतर्गत मूल्यमापनात पहिला आणि लेखीत मधला असलेला ‘अ’, लेखीत पहिला आणि अंतर्गत मूल्यमापनात चौथा असलेल्या ‘ड’च्या बरोबरीला आला. ४० : ६० चा अर्थ हा आहे. परिपत्रकाने कबूल केले होते ते हेच.

आता पूर्वपक्षाचा तिसरा आणि सर्वांत बळकट मुद्दा. या उपायाने एका मुलाचे गुण इतरांवर अवलंबून राहतात, हे मान्य. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवायचे असेल तर हा उपाय वापरूच नये, हेही मान्य. ३५ गुणांची रेषा विद्यार्थ्याला किमान किती येते हे सांगते, ती वर्गातल्या इतरांवर हलता कामा नये. पण क्रमवारीचे काय? क्रमवारीत माझी जागा मुळातच इतरांवर अवलंबून असते. साधी बेरीज करूनही ती तशीच असते, फक्त ते अवलंबित्व झाकलेले राहते. ‘इ’ला ‘अ’च्या वर कुणी ठेवले? लेखीच्या पसाऱ्याने, म्हणजे सगळ्या वर्गाच्या गुणांनीच. बेरीज बोटांवर पडताळता येते म्हणून ती पारदर्शक झाली का? जो भार जाहीर केला तो पडलाच नाही, आणि पडला नाही हे कुणाला कळलेही नाही, याला पारदर्शकता म्हणता येणार नाही.

पूर्वपक्षाच्या बाजूने आणखी एक पुरावा देता येईल, तो मीच पुढे ठेवतो. संख्याशास्त्रज्ञ सॅम्युअल विल्क्स यांनी १९३८ मध्ये दाखवले, की पेपर पुष्कळ असतील आणि त्यांतले गुण एकमेकांशी चांगले जुळत असतील, तर भार थोडे इकडचे तिकडे केल्याने बेरजेच्या क्रमात फारसा फरक पडत नाही. हे सिद्ध आहे आणि त्यात दिलासाही आहे. दहावीच्या सहा विषयांत भारांचा किस काढत बसू नये, असा त्याचा व्यावहारिक अर्थ. पण आपला वाद दोनच घटकांचा आहे, आणि तेही वेगळ्या जातीचे. लेखी आणि मुलाखत, लेखी आणि प्रकल्प. तिथे ‘पुष्कळ’ ही अट मोडते आणि ‘चांगले जुळणारे’ हीसुद्धा ढिली पडते. शिवाय प्रवेशाच्या रेषेवर निकाल एका-दोन गुणांनी लागतो. तिथे ‘फारसा फरक’ कुणाला परवडतो?

उपायालाही एक मर्यादा आहे. ती लपवली, तर हे खंडन एकांगी ठरेल. आपल्या उदाहरणात पसारा सारखा केल्यावर अंतर्गत मूल्यमापनातला एक गुण लेखीतल्या चार गुणांच्या तोलाचा झाला. आता विचारा : ३६ ऐवजी ३७ देताना शिक्षकाने जो फरक केला, तो तेवढा भरवशाचा आहे का? सगळ्यांना ‘चांगले’ म्हणून गुण दिले असतील आणि एका गुणाचा फरक हाताच्या सहज ओघात पडला असेल, तर पसारा ताणून आपण गुणवत्ता मोठी करत नाही, योगायोग मोठा करतो. वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात तर प्रमाण विचलन स्वतःच डळमळते, एखाददुसऱ्या मुलाच्या गुणाने ते बदलते. म्हणून आधी पसाऱ्याचे कारण शोधले पाहिजे. गुण अरुंद पट्ट्यात आले ते मुले खरोखर सारखी होती म्हणून, की मूल्यमापनाने फरक शोधलाच नाही म्हणून? पहिले खरे असेल तर ताणणे चूक. दुसरे खरे असेल तर गणित नंतर, आधी अंतर्गत मूल्यमापनाची पद्धत दुरुस्त करा : प्रश्न बदला, निकष लिहून ठेवा, ४० पैकी २० आणि ३८ या दोन्हींना अर्थ येऊ द्या.

पण यातले काहीच करायचे नसेल, तर निदान आकडा खरा सांगा. प्रत्येक निकालाबरोबर प्रत्येक पेपरची सरासरी आणि प्रमाण विचलन छापा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, समिती लागत नाही. गुणांचा तक्ता संगणकात असतोच आणि हे दोन आकडे काढणे हे क्षणाचे काम आहे. ते समोर आले, की कोणता पेपर निकाल ठरवतो आहे हे कोणताही जागरूक पालक आणि कोणताही उमेदवार स्वतः तपासू शकेल. त्यानंतर ४० चे ३० करायचे की ५०, हा वाद अवश्य घालावा. तोवर तो वाद निकालाशी संबंध नसलेल्या आकड्यावर चालेल.

पूर्वपक्ष म्हणतो, भार जाहीर झाला म्हणजे भार पडला. पुरावा म्हणतो, भार पडला की नाही हे गुण हाती आल्यावरच कळते. दोन्ही बाजू वाचकांपुढे आहेत.